बाराव्या कार्बनची वाट

खोबरेल तेलाची बाटली आणि एमसीटी, म्हणजे मध्यम साखळीच्या चरबीच्या, तेलाची बाटली शेजारी ठेवून पाहावी. खोली गार व्हायला लागली, पारा २४ अंशांच्या खाली उतरला, की खोबरेल आधी गढूळ होतं. तळाशी पांढरे ठिपके धरतात, ते हळूहळू वर चढतात आणि काही तासांत आख्खी बाटली मेणासारखी घट्ट होते. दुसऱ्या बाटलीत मात्र काहीच घडत नाही. ती फ्रिजमध्ये ठेवली तरी तेल पाण्यासारखं नितळ आणि पातळच राहतं. दोन्ही तेलांचा कच्चा माल अनेकदा एकच असतो आणि जाहिरातीत दोघांची नावं एका दमात घेतली जातात. तरी एक थिजतं आणि दुसरं थिजत नाही. या साध्या फरकातच पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ आहे.

चरबीचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलचा एक छोटा कणा आणि त्याला लटकलेल्या तीन शेपट्या. प्रत्येक शेपटी म्हणजे एक मेदाम्ल, म्हणजेच फॅटी ॲसिड. शेपटीत कार्बनचे अणू एकापुढे एक ओवलेले असतात. किती अणू आहेत त्यावर तिची लांबी ठरते, आणि लांबी वाढते तसा वितळणबिंदूही चढतो. आठ कार्बनांचं कॅप्रिलिक आम्ल साधारण १६ अंशांना वितळतं, दहा कार्बनांचं कॅप्रिक ३१ ला, बारा कार्बनांचं लॉरिक ४४ ला आणि चौदा कार्बनांचं मिरिस्टिक ५४ ला. खोबरेल घट्ट होतं ते त्यात लॉरिक आणि त्याहून लांब आम्लं भरपूर असल्यामुळे. एमसीटी तेलात ती जवळपास नसतातच. त्यात फक्त आठ आणि दहा कार्बनांचीच आम्लं उचलून भरलेली असतात.

१०० ग्रॅम खोबरेलातली मेदाम्लं वेगळी मांडली, तर चित्र साधारण असं दिसतं. आठ कार्बनांचं ७ ग्रॅम, दहाचंही तेवढंच, बाराचं म्हणजे लॉरिक ४८, चौदाचं १८, सोळाचं पामिटिक ९ आणि उरलेल्यात थोडं स्टिअरिक, थोडं ओलिक, चिमूटभर लिनोलिक. प्रत्येक घाण्याचे आकडे एकदोन ग्रॅमनी इकडेतिकडे होतात, पण ठेवण तीच राहते. तेल घाण्याचं असो, रिफाइंड असो की व्हर्जिन, यात फरक पडत नाही. थंड दाबाने काढलेल्या तेलाला वास आणि चव वेगळी असते, त्यात काही वनस्पतिजन्य संयुगंही जास्त टिकतात. पण लॉरिक आम्ल थंड दाबाने कमी होत नाही आणि गरम दाबाने वाढत नाही.

आता नावाचा प्रश्न. रसायनशास्त्राच्या पुस्तकात सहा ते बारा कार्बनांच्या आम्लांना मध्यम साखळीची म्हणतात. ही रेघ माणसाने आपल्या सोयीसाठी ओढलेली आहे, जशी शाळेत उंचीप्रमाणे मुलांच्या रांगा करताना कुठेतरी रेघ ओढावी लागते. या रेघेप्रमाणे लॉरिक मध्यम गटात बसतं, आणि मग ७ अधिक ७ अधिक ४८ अशी बेरीज होऊन खोबरेल तेल साठ टक्क्यांहून जास्त ‘मध्यम साखळीचं’ ठरतं. बेरीज बरोबर आहे. चूक तिच्यानंतर होते, जेव्हा आठ आणि दहा कार्बनांच्या आम्लांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष या साठ टक्क्यांना चिकटवले जातात. शरीराला पुस्तकातली रेघ माहीत नाही. शरीर लांबी आपल्या पद्धतीने मोजतं, आणि ते मोजमाप लहान आतड्याच्या भिंतीत होतं.

तिथवरचा प्रवास सगळ्या चरब्यांचा सारखाच आहे. पोटात थोडी फोड होते, पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडातून आलेलं लायपेज हे विकर रेणूच्या दोन कडेच्या शेपट्या कापतं आणि मधली शेपटी ग्लिसरॉलला तशीच चिकटलेली राहते. लांब शेपट्या पाण्यात विरघळत नाहीत. त्यांना पित्तरसाच्या कणांत गुंडाळून आतड्याच्या पेशीपर्यंत न्यावं लागतं. पेशीत शिरल्यावर त्यांची पुन्हा जुळणी होते. सुट्या झालेल्या शेपट्या परत ग्लिसरॉलवर चढवल्या जातात आणि तयार झालेली चरबी प्रथिनाच्या वेष्टनात बांधून तिचे बारीक गोळे केले जातात. या गोळ्यांना कायलोमायक्रॉन म्हणतात. रक्तकेशिकांत शिरायला ते फार मोठे असतात, म्हणून ते लसिकावाहिन्यांत सोडले जातात. तिथून छातीतल्या मुख्य लसिकावाहिनीने वर चढत ते डाव्या बाजूला, मानेच्या बुडाशी मोठ्या शिरेत रक्ताला मिळतात. म्हणजे जेवणातली लांब साखळीची चरबी यकृताला वळसा घालून आधी सगळ्या शरीरात फिरते. वाटेत स्नायू आणि चरबीचा साठा आपापला वाटा काढून घेतात, आणि यकृताकडे शेवटी उरलंसुरलं येतं.

आठ आणि दहा कार्बनांच्या शेपट्यांची गोष्ट निराळी. लायपेज त्यांना चटकन कापतं, त्या पाण्यात बऱ्यापैकी मिसळतात आणि पित्तरसावाचून त्यांचं फारसं अडत नाही. आतड्याच्या पेशीत त्यांची पुन्हा जुळणी जवळजवळ होतच नाही. त्या सुट्याच रक्तात उतरतात, अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहतात आणि आतड्याकडून थेट यकृताकडे जाणाऱ्या द्वारशिरेने काही मिनिटांत यकृतात पोचतात. साखर आणि अमिनो आम्लं ज्या रस्त्याने जातात तोच हा रस्ता.

लॉरिक आम्ल या दोन रस्त्यांच्या फाट्यावर उभं आहे, पण बरोबर मधोमध नाही. त्यातला साधारण ७० ते ७५ टक्के भाग कायलोमायक्रॉनमध्ये बांधला जाऊन लसिकेच्या रस्त्याने जातो आणि उरलेला द्वारशिरेने. याचं एक कारण लांबी. दुसरं कारण खोबरेलाच्या रेणूच्या बांधणीत आहे. त्यात आठ आणि दहा कार्बनांच्या शेपट्या बहुतेक कडेला लटकलेल्या असतात आणि मधल्या जागेवर प्रामुख्याने लॉरिक बसलेलं असतं. लायपेज कडा कापतं, मधलं सोडतं. त्यामुळे बरंचसं लॉरिक सुटं होतच नाही. ते ग्लिसरॉलला धरूनच पेशीत शिरतं आणि नव्या जुळणीचा पाया बनतं. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. खोबरेलात तिन्ही शेपट्या आठ किंवा दहा कार्बनांच्या आहेत असे रेणू अगदी थोडे. म्हणजे ‘खोबरेलातलं एमसीटी’ ही वेगळी काढून दाखवता येईल अशी वस्तू नाहीच. आखूड शेपट्या लांब शेपट्यांच्या सोबतीने एकाच रेणूत विखुरलेल्या आहेत.

हा फरक प्रयोगशाळेपुरता नाही. तो डोळ्यांना दिसतो, आणि ज्या आजारात तो दिसतो तिथे त्यावर माणसाचं बरं होणं अवलंबून असतं. छातीतली मुख्य लसिकावाहिनी शस्त्रक्रियेत किंवा अपघातात फाटली, की लसिका फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत झिरपू लागते. या विकाराला कायलोथोरॅक्स म्हणतात. पोकळीत घातलेल्या नळीतून जे बाहेर येतं ते दुधासारखं पांढरं असतं, कारण त्यात जेवणातल्या चरबीचे ते बारीक गोळे तरंगत असतात. त्या द्रवात ट्रायग्लिसराइडचं, म्हणजे याच तीन शेपट्यांच्या चरबीचं, प्रमाण डेसिलिटरला ११० मिलिग्रॅमच्या वर निघालं, तर निदान जवळजवळ पक्कं धरतात. दिवसाला एक-दोन लिटर द्रव असा वाहून जाऊ शकतो, आणि त्याबरोबर प्रथिनं, क्षार आणि लढाऊ पेशीही जातात. भोक बुजायचं तर त्यातून वाहणारा ओघ कमी व्हायला हवा. म्हणून रोग्याच्या जेवणातली लांब साखळीची चरबी अगदी कमी करतात, बरेचदा दिवसाला १० ग्रॅमच्या आत, आणि तिच्या जागी एमसीटी तेल देतात. उष्मांक मिळतात पण चरबी लसिकेत उतरत नाही. नळीतला पांढरेपणा ओसरत जातो, द्रव पिवळसर पारदर्शक होतो आणि त्याचं मापही उतरू लागतं.

आता समजा, या रोग्याला ५० ग्रॅम एमसीटी तेलाऐवजी कोणी मायेने ५० ग्रॅम खोबरेल दिलं, दोन्ही ‘मध्यम साखळीचंच’ समजून. हिशेब करून पाहू. ५० ग्रॅमपैकी आठ-दहा कार्बनांची आम्लं ७ ग्रॅम, ती निमूट यकृताकडे जातील. लॉरिक २४ ग्रॅम, त्यातलं सत्तर टक्के धरलं तरी १७ ग्रॅम लसिकेत. उरलेली १९ ग्रॅम चौदा आणि त्याहून जास्त कार्बनांची, ती जवळपास सगळी लसिकेत. म्हणजे ५० पैकी ३६ ग्रॅम चरबी थेट त्या फाटलेल्या नळीकडे. जिथे १० ग्रॅमची मर्यादा पाळायची, तिथे साडेतीन पट. काही तासांत नळीतला द्रव पुन्हा दुधाळ होईल. खोबरेल तेल शरीरात एमसीटीसारखं वागतं का, या प्रश्नाचं याहून रोखठोक उत्तर मला माहीत नाही. आहारतज्ज्ञ या रोग्यांना खोबरेल देत नाहीत ते याचसाठी.

याच आजारात एमसीटीची एक मर्यादाही उघडी पडते. त्यात लिनोलिक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन आवश्यक मेदाम्लं नसतात आणि शरीर ती स्वतः बनवू शकत नाही. आहारात एमसीटी सोडून दुसरी चरबी नाही अशी स्थिती काही आठवडे चालली, की त्वचा कोरडी पडते, तिला कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात, जखमा भरायला उशीर लागतो. तान्ह्या बाळात हे फार लवकर होतं. म्हणून एकूण उष्मांकांपैकी दोन ते चार टक्के लिनोलिक आम्लातून मिळतील इतकी तजवीज करावी लागते, गरज पडली तर शिरेतून.

यकृतात पोचल्यावर आखूड आम्लांना दुसरी सवलत मिळते. चरबी जाळायची भट्टी म्हणजे पेशीतला मायटोकॉन्ड्रिया. लांब साखळीच्या आम्लांना त्याच्या आत जायला कार्निटिन नावाच्या वाहकाची गरज पडते आणि त्या दाराशी कडक पहारा असतो. जेवणात पिष्टमय पदार्थ असले की पेशीत मॅलोनिल-कोए हा रेणू वाढतो आणि ते दार मिटतो. जाळायला साखर आहे, चरबी आत्ता नको, साठवा, असा तो निरोप. आठ आणि दहा कार्बनांची आम्लं या दाराला वळसा घालून आत शिरतात आणि जेवणात काहीही असलं तरी जळतात. ती एवढ्या भराभर जळतात की यकृताला सगळं वापरता येत नाही. उरलेलं कीटोनच्या रूपाने रक्तात सोडलं जातं, आणि मेंदू ते इंधन म्हणून वापरतो. अपस्माराच्या मुलांसाठी पीटर हुटेनलोकर यांनी १९७१ साली एमसीटीवर आधारलेला कीटोजेनिक आहार मांडला तो याच आधारावर. त्यात ६० टक्के उष्मांक एमसीटीतून येत, आणि पुढे पोटाला झेपावं म्हणून हे प्रमाण खाली आणलं गेलं. कॅनडातल्या शेरब्रूक इथल्या गटाने २०१७ साली निरोगी माणसांना वेगवेगळी तेलं देऊन रक्तातले कीटोन मोजले, तेव्हा सर्वांत वर गेले ते आठ कार्बनांच्या तेलाने. दहा कार्बनांचं तेल त्याच्या बरंच मागे राहिलं आणि खोबरेलाने विशेष वाढ दिसली नाही. दोन कार्बन वाढले तर एवढा फरक पडतो, मग आणखी दोन वाढल्यावर काय होत असेल याचा अंदाज यावरून करता येतो.

लॉरिकवर अन्याय मात्र करू नये. ते पामिटिक किंवा स्टिअरिकसारखं सुस्त नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळी मेदाम्लं खूणचिठ्ठी लावलेल्या कार्बनसह माणसांना खायला दिली आणि श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरून कोणतं किती जळलं ते मोजलं. नऊ तासांत लॉरिक सुमारे ४१ टक्के जळलं होतं, तर अठरा कार्बनांचं स्टिअरिक फक्त १३ टक्के. तेव्हा लॉरिक इतर संपृक्त चरब्यांहून वेगळं वागतं हे खरंच आहे. पण पटकन जळणं वेगळं आणि यकृतात थेट जाऊन जळणं वेगळं. लॉरिक बव्हंशी लांबच्या रस्त्याने येतं, सगळ्या रक्तात फिरून येतं आणि कोलेस्टेरॉलच्या कारभारात ढवळाढवळ करूनच संपतं. आखूड आम्लांना ती संधीच मिळत नाही.

वजनाचा मुद्दा इथे घेऊ, कारण खोबरेलाची कीर्ती सर्वांत जास्त त्यावरच पसरली. कोलंबिया विद्यापीठातल्या मारी-पियेर सेंट-ऑन्ज यांनी एमसीटीवर नेटके प्रयोग केले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या लोकांना १६ आठवडे रोज १८ ते २४ ग्रॅम एमसीटी तेल किंवा तेवढंच ऑलिव्ह तेल दिलं. शेवटपर्यंत टिकलेल्या ३१ जणांत एमसीटी घेणाऱ्यांचं वजन दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १.७ किलो जास्त उतरलं. चार महिन्यांत पावणेदोन किलोंच्याही आत, तेही नियंत्रित आहाराच्या जोडीने. परिणाम खरा आहे, पण लहान आहे. मग हाच निकाल खोबरेलाच्या नावावर जमा झाला, आणि सेंट-ऑन्ज यांना स्वतःला सांगावं लागलं की आपण वापरलेलं तेल शंभर टक्के मध्यम साखळीचं होतं आणि खोबरेलात तसा भाग १३ ते १५ टक्केच असतो.

हे चमच्यात मोजू. पोहे खायचा नव्हे, मापाचा १५ मिलिलिटरचा मोठा चमचा घ्या. त्यात १४ ग्रॅम खोबरेल बसतं. त्यात आठ-दहा कार्बनांची आम्लं फक्त २ ग्रॅम, लॉरिक साडेसहाच्या वर, मिरिस्टिक अडीच, पामिटिक सव्वा. सगळी संपृक्त मेदाम्लं मिळून १२ ग्रॅम. प्रयोगातले १८ ते २४ ग्रॅम एमसीटी खोबरेलातून काढायचे तर रोज १३० ते १७० ग्रॅम तेल प्यावं लागेल. म्हणजे नऊ ते बारा चमचे, साडेअकराशे ते पंधराशे उष्मांक. वजन उतरवायच्या नादात दिवसभराच्या जेवणाएवढी भर. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर, २००० उष्मांकांच्या आहारात संपृक्त चरबी दहा टक्क्यांच्या आत ठेवायची या जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे दिवसाची मर्यादा २२ ग्रॅम येते. एका चमच्याने त्यातली निम्म्याहून जास्त जागा व्यापली.

आता कोलेस्टेरॉल. इथे घाई करून चालत नाही, कारण दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं आहे. लॉरिक, मिरिस्टिक आणि पामिटिक या तिघांमुळे यकृताच्या पेशींवरचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, पकडणारे ग्राहक कमी होतात. ग्राहक कमी झाले की एलडीएलचे कण रक्तात जास्त वेळ फिरत राहतात आणि तपासणीत आकडा चढतो. त्याच वेळी लॉरिक एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉलही वाढवतं, इतर संपृक्त आम्लांपेक्षा जास्त. मेन्सिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ६० नियंत्रित प्रयोग एकत्र तपासले तेव्हा नेमकं हेच दिसलं. एकूण कोलेस्टेरॉल सर्वांत जास्त लॉरिकने वाढवलं, पण एकूण आणि एचडीएल यांचं गुणोत्तर त्यानेच खाली आणलं. खोबरेल तेलावरचे १६ प्रयोग २०२० साली ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात एकत्र मांडले गेले. सोयाबीन, सूर्यफूल, ऑलिव्ह अशा तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सरासरी १०.५ मिलिग्रॅमनी आणि एचडीएल ४ मिलिग्रॅमनी वाढवलं. उलट निकालाचाही एक प्रयोग आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१८ साली सुमारे नव्वद लोकांना चार आठवडे रोज ५० ग्रॅम तेल किंवा लोणी खायला दिलं. त्यात लोण्याने एलडीएल वाढलं, पण खोबरेलाचा आकडा ऑलिव्हपेक्षा वेगळा आला नाही. तो प्रयोग प्रामाणिक होता, पण मुदत थोडी होती आणि लोक घरी आपल्या मनाप्रमाणे जेवत होते. म्हणून एका प्रयोगापेक्षा सोळांची बेरीज मी जास्त वजनाची धरते.

ही सरासरी एखाद्याच्या रिपोर्टवर कशी उमटेल ते पाहू. समजा एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल ४५, ट्रायग्लिसराइड १२५. बऱ्याच प्रयोगशाळा एलडीएल गणिताने काढतात, एकुणातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून. १९० वजा ४५ वजा २५, म्हणजे १२०. या व्यक्तीने बाकी आहार तोच ठेवून रोजचं तेल बदलून खोबरेल केलं आणि दोन महिन्यांनी तपासलं. एकूण २०४, एचडीएल ४९, ट्रायग्लिसराइड तेवढंच. एलडीएल आलं १३०. गुणोत्तर पूर्वी ४.२२ होतं, आता ४.१६. रिपोर्ट हातात घेऊन तो माणूस खूश होतो, कारण ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल वाढलं आणि गुणोत्तर सुधारलं. इथेच फसगत आहे. रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसून तिथे थर धरणारे कण मोजायचे तर एकुणातून एचडीएल वजा करावं, आणि तो आकडा १४५ वरून १५५ वर गेला आहे. एचडीएल वाढलं म्हणून ही वाढ माफ होत नाही. एचडीएल वाढवलं की हृदयविकार टळेल ही आशा औषधांनी पडताळून पाहिली गेली आहे. टॉर्सेट्रॅपिब या औषधाने एचडीएल ७० टक्क्यांहून जास्त वाढवलं होतं, आणि तरीही ते घेणाऱ्यांत मृत्यू वाढल्याने २००६ साली प्रयोग थांबवावा लागला. एलडीएल उतरवल्याचा फायदा मात्र पुन्हा पुन्हा सिद्ध झालेला आहे. म्हणून गुणोत्तराकडे न बघता एलडीएल किंवा एकूण वजा एचडीएल हा आकडा पाहावा. हे कण थेट मोजणारी ॲपो-बी ही तपासणी करता आली तर आणखी चांगलं.

स्वतःवर खोबरेलाचा काय परिणाम होतो हे पाहायचंच असेल, तर ते नीट पाहता येतं. बदल फक्त तेलात करावा आणि जेवढं जुनं तेल काढलं तेवढंच ग्रॅममध्ये मोजून नवं घालावं. वर आणखी ओतू नये, नाहीतर वाढलेला आकडा कशामुळे ते कळणार नाही. बदलाच्या आधी एकदा आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा, त्याच प्रयोगशाळेत, उपाशीपोटी तपासावं. मधल्या काळात वजन दोन-तीन किलोंनी उतरलं तर त्यानेच एलडीएल हलतं आणि तेलाचा निकाल झाकला जातो. आजारपणातही आकडे खाली येतात, म्हणून ताप येऊन गेल्यावर लगेच रक्त देऊ नये. चार-पाच मिलिग्रॅमचा फरक एकाच माणसात दिवसागणिकही पडतो. त्यावरून काही ठरवू नये.

खऱ्या एमसीटी तेलाकडे वळू, कारण ज्यांना ते खरोखर हवं असतं त्यांच्याही चुका ठरलेल्या असतात. हे तेल दाबून काढलेलं नसतं. खोबरेल किंवा पामच्या गरातल्या बीचं तेल दाबाखाली, सुमारे २५० अंशांवर पाण्याने फोडतात, ग्लिसरॉल वेगळं करतात आणि मेदाम्लांचं निर्वातात ऊर्ध्वपातन करतात. आठ-दहा कार्बनांची आम्लं हलकी, ती आधी वर येतात. तो भाग घेऊन पुन्हा ग्लिसरॉलला जोडला की एमसीटी तेल तयार. साबण आणि डिटर्जंटच्या कारखान्यांना लॉरिक हवं असायचं आणि हा हलका भाग मागे पडून राहायचा. १९५० च्या सुमारास व्हिगेन बबायन यांनी तो खाण्याजोग्या तेलात बदलून दाखवला, आणि पुढे ज्यांना चरबी पचत नाही अशा रोग्यांच्या आहारात ते आलं.

सुरुवात एका लहान चमच्याने करावी, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत, आणि तीही जेवणात मिसळून. चार-पाच दिवसांनी तेवढंच वाढवावं. पहिल्याच दिवशी रिकाम्या पोटी दोन मोठे चमचे घेतले की तासाभरात पोटात मुरडा येतो आणि जुलाब होतात. कारण तेच, जे याचं बलस्थान आहे. लायपेज इतक्या वेगाने शेपट्या कापतं की सुट्या आम्लांचा लोंढा आतड्यात एकदम जमतो आणि तो पाणी ओढून घेतो. दिवसाची मात्रा तीन-चार भागांत वाटली की हा त्रास बहुधा थांबतो. तळणासाठी हे तेल वापरू नये. १५०-१६० अंशांच्या आसपास ते धुरावतं आणि त्याआधीच फेसाळतं. शिजलेल्या पदार्थात वरून घालावं. काही प्रकारचं प्लास्टिक याने मऊ पडून तडकतं, म्हणून काच किंवा स्टीलचं भांडं बरं. उष्मांक ग्रॅमला साधारण ८.३ भरतात, इतर चरबीच्या ९ पेक्षा किंचित कमी. फुकट काहीच नाही. कोलेस्टेरॉलवर याचा खास परिणाम दिसत नाही, पण ट्रायग्लिसराइड थोडं चढू शकतं, कारण यकृताकडे आलेला जास्तीचा माल यकृत पुन्हा लांब साखळीत विणतं.

काही जणांनी मात्र हे तेल हातातही धरू नये. आठ-दहा कार्बनांची साखळी तोडणारं एमकॅड नावाचं विकर ज्यांच्यात जन्मतः नसतं, त्यांच्या शरीरात ही आम्लं साचतात आणि रक्तातली साखर जीवघेणी खाली जाऊ शकते. नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून हा दोष कळतो, आणि ज्या घरात तो निघाला आहे तिथे पोषणपूरक पावडरींचे डबेही एमसीटी आहे का हे वाचूनच उघडावेत. यकृताचा सिऱ्होसिस झालेल्यांनीही टाळावं, कारण सगळा माल ज्या यकृतावर येऊन पडतो तेच थकलेलं असतं. इन्सुलिनवर असलेल्या आणि साखर ताब्यात नसलेल्या मधुमेह्यांना कीटोनची आणखी भर परवडत नाही.

दुकानातली बाटली ओळखायला लेबलच्या पुढच्या बाजूचे मोठे शब्द उपयोगाचे नाहीत. बाटली उलटी करावी आणि घटकांत C8 आणि C10, किंवा कॅप्रिलिक आणि कॅप्रिक, यांचे ग्रॅम शोधावेत. १४ ग्रॅमच्या मापात दोघांची बेरीज १३-१४ भरली तर ते एमसीटी तेल. C12 किंवा लॉरिक ठळक अक्षरांत मिरवलेलं असेल, तर ती बाटली, तिच्यावर ‘एमसीटी’ लिहिलेलं असलं तरी, निम्म्या वाटेवरची आहे. आणि ग्रॅम लिहिलेलेच नसतील तर तिला रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावं. सकाळी ती थिजलेली निघाली, तर आत बारा आणि त्यापुढचे कार्बन बरेच आहेत.